चिंगीच्या पायाला घोणस चावली तेव्हा

आमच्या कुत्रीला, चिंगीला घोणस चावली ती संध्याकाळी ६ वाजून ४० मिनिटांनी. वेळ इतकी नेमकी सांगता येते, कारण माझ्या मुलाने लांबूनच मोबाइलवर सापाचा फोटो काढला होता आणि त्यावर ती वेळ होती. पुढच्या दोन दिवसांत ही वेळ डॉक्टरांनी माझ्याकडून किमान चार वेळा विचारून घेतली. सूज किती झपाट्याने चढते आहे, तपासणी पुन्हा कधी करायची, लघवी किती तासांनी झाली, हे सगळं तिथूनच मोजलं जातं.

घराच्या मागे लाकडं रचून ठेवली होती. चिंगी त्यांच्या फटीत नाक खुपसून भुंकत होती. कुकरची शिट्टी बराच वेळ वाजत राहावी तसा आवाज आला, आणि पाठोपाठ चिंगीचं केकाटणं. मी धावत गेले तेव्हा ती तीन पायांवर मागे सरकत होती, उजवा पुढचा पाय वर धरलेला. लाकडांपाशी जाड, बसकं वेटोळं होतं. पाठीवर साखळीसारख्या तपकिरी ठिपक्यांच्या रांगा. घोणस. मी चिंगीला मागून कवेत धरून आधी चांगली पंधरा-वीस फूट लांब नेलं. कुत्रं एकदा चावून घेतल्यावर थांबत नाही, चिडून पुन्हा सापावर जातं आणि दुसरा दंश ओढवून घेतं, हे मी आधी ऐकलं होतं. सापाला मारायला कोणी गेलं नाही, आणि ते बरंच झालं. मारायच्या नादात माणसालाच साप चावतो. शिवाय डॉक्टरांना साप दाखवायची गरज नसते, फोटो असला तर पुरतो आणि नसला तरी उपचार अडत नाहीत.

पंजाच्या वर, मनगटाच्या बाहेरच्या बाजूला रक्ताचे दोन थेंब दिसत होते, बोटभर अंतरावर. केस बाजूला केल्याशिवाय ते दिसलेच नसते. पुष्कळदा तर एकच खूण असते, किंवा नुसता ओरखडा. मी बघते आहे तोवरच आजूबाजूचा भाग टणक व्हायला लागला होता.

इथे आमच्या हातून चूक झाली. आरडाओरडा ऐकून शेजारचे काका आले आणि त्यांनी आपल्या बुटाची नाडी काढून चिंगीच्या कोपराच्या वर करकचून बांधली. "विष वर चढू देऊ नको," म्हणाले. मी त्यांना थांबवलं नाही. त्या क्षणी ते बरोबरच वाटलं, काहीतरी केल्यासारखं वाटलं. चिंगी मात्र नाडी आवळताच पहिल्यापेक्षा जास्त ओरडली.

मी नेहमीच्या डॉक्टरांना फोन लावला. त्यांच्याकडे प्रतिविष, म्हणजे अँटीव्हेनम, नव्हतं. त्यांनी ते एका वाक्यात सांगितलं आणि ज्या प्राण्यांच्या दवाखान्यात ते असतं तिथला नंबर दिला. हा फोन केला नसता तर आम्ही सवयीने त्यांच्याकडेच गेलो असतो आणि अर्धा तास गमावून बसलो असतो. घोणशीच्या विषावर खरं औषध एकच, प्रतिविष. ते जिथे नाही तिथे सलाईन लागेल, वेदना कमी होतील, पण रक्तातलं विष तसंच राहील. म्हणून घरातून निघण्याआधी विचारायचा प्रश्न एकच आहे: तुमच्याकडे आत्ता, या क्षणी, अँटीव्हेनम शिल्लक आहे का?

दुसऱ्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी हो म्हटलं. मग विचारलं, "वजन किती? कुठे चावलंय? काही बांधलंय का?"

मी नाडीचं सांगितलं.

"बांधून किती वेळ झाला?"

"पाच-सहा मिनिटं."

"मग आत्ताच सोडा, ताई. फोन ठेवायच्या आधी सोडा. आणि गळ्यातला पट्टा काढा."

मी नाडी सोडली. तेवढ्या वेळात खालचा पाय गार पडला होता आणि नाडीचा वळ मांसात रुतला होता. नंतर डॉक्टरांनी नीट समजावलं. घोणशीचं विष जिथे पडतं तिथलं मांस आणि रक्तवाहिन्या आधी नासवतं. वरून आवळून बांधलं की ते विष तेवढ्याच जागेत कोंडून राहतं, त्यात पायाचा रक्तपुरवठाही तुटतो, आणि सुजेने बांधलेलं आणखी आवळत जातं. पाय काढून टाकायची वेळ येते ती अनेकदा या बांधण्यामुळे. आमचं बांधणं नुकतंच होतं म्हणून घरीच सोडता आलं. पण कोणी तासभर बांधून ठेवलं असेल तर ते रस्त्यात झटकन सोडायचं नाही. अडकलेलं विष एकदम अंगभर जाऊ शकतं. अशा वेळी दवाखान्यात शिरेत सुई लावून, प्रतिविष हाताशी ठेवून मग सोडतात. फोनवर "किती वेळ झाला" हा प्रश्न त्यासाठीच होता.

पट्ट्याचं महत्त्व मला तेव्हा कळलं नाही. चावलंय पायाला, पट्टा गळ्यात. पण सूज पायावरून खांद्याकडे आणि तिथून छातीकडे, मानेकडे सरकते. तोंडावर चावलं असेल तर अर्ध्या तासात मान इतकी फुगते की पट्ट्याखाली बोट जात नाही. कुत्रं हुंगत जातं, त्यामुळे नाकाला, ओठाला आणि पुढच्या पायांना चावण्याचं प्रमाण जास्त. पट्टा, छातीचा हार्नेस, पायातलं काही असेल तर ते, सगळं आधी काढायचं. आम्ही पट्टा काढून दोरीचा सैल फास हातात धरून ठेवला, म्हणजे बिथरून पळाली तर सावरता यावं.

आता प्रश्न तिला गाडीपर्यंत न्यायचा. चिंगी चालायला तयार होती, उलट तीच पुढे ओढत होती. डॉक्टरांनी फोनवर बजावलं होतं की एक पाऊलही चालवू नका. विष सुरुवातीला बरंचसं लसिकेतून, म्हणजे कातडीखालच्या त्या पातळ द्रवाच्या वाहिन्यांतून पुढे सरकतं, आणि त्या वाहिन्यांना हृदयासारखा पंप नसतो. स्नायू हलले की त्या पिळल्या जातात आणि विष पुढे ढकललं जातं. म्हणजे चालणं, धडपडणं, घाबरून थरथरणं हाच तिथला पंप. आम्ही जाड चादर अंथरली, तिला डाव्या कुशीवर निजवली आणि चारी टोकं धरून उचललं. अठरा किलोचं कुत्रं, दोघांना सहज पेलतं. पाय उंच टांगला नाही, खाली लोंबूही दिला नाही, अंगाच्या पातळीलाच ठेवला.

एक गोष्ट सांगायला हवी. चिंगी आजवर घरात कोणाला चावली नव्हती. चादरीवर घेताना माझा हात सुजलेल्या पायाला लागला आणि तिने दात लावले. कातडी फाटली नाही इतकंच. दुखण्यात असलेल्या कुत्र्याला आपलं-परकं कळत नाही. मी तोंड बांधायला निघाले होते, पण बांधलं नाही, आणि ते योग्य होतं. विषाने मळमळ होते. बांधलेल्या तोंडात उलटी आली तर ती श्वासनळीत जाते. कुत्रं उन्हात किंवा भीतीने धापत असताना तोंड बंद केलं तर श्वासही कोंडतो. त्याऐवजी मानेच्या मागून टॉवेलची जाड घडी सैल धरून ठेवली आणि डोक्याच्या बाजूला हात न ठेवता पाठीशी बसले.

६ वाजून ५५ मिनिटांनी गाडी निघाली. नवरा गाडी चालवत होता, मी मागे चिंगीपाशी. रस्त्यात मला करायला फारसं काही नव्हतं आणि तेच सगळ्यात अवघड होतं. हात स्वस्थ बसत नाहीत. काकांनी निघताना वेदनेची गोळी पुढे केली होती, माणसांची. ती मी घेतली होती आणि खिशात होती. चिंगी कण्हायला लागली तेव्हा ती द्यावीशी फार वाटली. दिली असती तर मोठी चूक झाली असती. घोणशीचं विष रक्ताची गोठण्याची ताकदच संपवतं आणि मूत्रपिंडांवर घाव घालतं. आयबुप्रोफेन, अ‍ॅस्पिरिन यांसारखी वेदनाशामकंही रक्तस्राव वाढवतात आणि मूत्रपिंडाला त्रास देतात. म्हणजे सापाचंच काम आपण पुढे नेणार. पॅरासिटामॉलही कुत्र्याला आपल्या अंदाजाने द्यायचं नसतं. पाणीसुद्धा दिलं नाही. गिळता येत नसेल तर ते फुप्फुसात जातं. बर्फ, कापून रक्त काढणं, तोंडाने ओढणं, हे कोणी सुचवलं नाही हे नशीब. बर्फाने आधीच मरू घातलेल्या मांसाचा रक्तपुरवठा आणखी घटतो, आणि रक्त गोठत नसताना ब्लेडने कापलेली जखम थांबवायची कशी? ओढून काढण्याने विष बाहेर येतच नाही, ते आत खोल पडलेलं असतं.

मी दोन गोष्टी केल्या. मुलाच्या दप्तरातलं काळं मार्कर घेतलं होतं. सूज जिथे संपत होती तिथे केस बाजूला करून कातडीवर रेघ मारली आणि शेजारी वेळ लिहिली. ७:०० ला रेघ मनगटाच्या चार बोटं वर होती. ७:१५ ला कोपराशी. ७:३० ला कोपराच्या वर, नाडीचा वळ होता तिथे. बोटाने अंदाज घेत बसण्यापेक्षा या तीन रेघा डॉक्टरांना जास्त सांगून गेल्या. दुसरं म्हणजे हिरड्या. वरचा ओठ उचलून हिरडीवर बोट दाबायचं आणि सोडायचं. पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत गुलाबी व्हायला हवी. ७:१० ला होत होती. ७:३० ला तीन सेकंद लागले, आणि दातांच्या मुळाशी रक्ताची बारीक रेष दिसली. ते मी लगेच फोन करून कळवलं. त्यांनी आम्ही पोचायच्या आत कुप्या फ्रिजमधून काढून तयारी सुरू केली.

७ वाजून ४० मिनिटांनी पोचलो. डॉक्टरांनी रक्त काढलं ते डाव्या पायाच्या शिरेतून. मानेची मोठी शीर सोपी पडली असती, पण रक्त गोठत नसेल तर मानेत आतल्या आत साकळत जातं आणि बाहेरून दाबताही येत नाही. पायाची शीर बोटाने दाबून ठेवता येते. त्याच कारणाने मांसात कुठलंही इंजेक्शन दिलं नाही.

मग त्यांनी एक अगदी साधी तपासणी केली. कोरड्या, स्वच्छ काचेच्या नळीत दोन मिलि रक्त घेतलं, नळी उभी करून टेबलावर ठेवली आणि कोणालाही हात लावू दिला नाही. वीस मिनिटं. नळी काचेचीच हवी, कारण काचेला लागून रक्त गोठायला सुरुवात होते. प्लास्टिकच्या नळीत निरोगी रक्तही पातळ राहू शकतं आणि फसगत होते. मी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहत उभी होते. वीस मिनिटं झाल्यावर त्यांनी नळी हळूच आडवी केली. गोठलेलं असतं तर गोळा जागेवर राहिला असता. रक्त पाण्यासारखं सरकलं, काचेवर लाल पातळ थर ठेवून पुन्हा खाली आलं. "अजिबात गोठलेलं नाही," ते म्हणाले.

तोपर्यंत सहायक प्रतिविषाच्या कुप्या तयार करत होता. कुपीत पांढरी भुकटी असते, ती सोबतच्या पाण्यात विरघळवायची. तो कुपी जोरात हलवत नव्हता, तळहातांमध्ये धरून फिरवत होता. जोरात हलवली की फेस होतो आणि औषधातली प्रथिनं खराब होतात. त्यामुळे विरघळायला वेळ लागतो, घाई चालत नाही. मला वाटलं होतं की एवढ्याशा कुत्र्याला माणसापेक्षा कमी औषध पुरेल. डॉक्टर म्हणाले, तसं नसतं. औषध वजनावर नाही, आत गेलेल्या विषावर ठरतं. सापाने जेवढं विष सोडलं तेवढंच मोठ्या कुत्र्यात गेलं असतं तर पसरायला जास्त जागा मिळाली असती. लहान अंगात तेच विष जास्त जड जातं. त्यांनी दोन कुप्यांपासून सुरुवात केली, सलाईनमध्ये मिसळून शिरेतून, सावकाश. दंशाच्या जागेभोवती टोचायचं नसतं, तिथून ते रक्तात नीट पोचत नाही आणि आधीच फुगलेल्या पायात दाब मात्र वाढतो.

हे औषध घोड्यांच्या रक्तातून बनतं. त्यामुळे कुत्र्याच्या अंगाला त्याची अ‍ॅलर्जी येऊ शकते. अ‍ॅड्रेनॅलिनची सिरिंज भरून ट्रेमध्ये ठेवूनच त्यांनी सलाईन सुरू केलं. दहा मिनिटांत चिंगीने मान घासायला सुरुवात केली. कानाच्या आतल्या बाजूला, पोटावर गांधी उठल्या. डॉक्टरांनी थेंब थांबवले, अ‍ॅलर्जीचं औषध दिलं, थोड्या वेळाने आणखी हळू गतीने पुन्हा सुरू केलं. प्रतिविष थांबवून टाकलं नाही. ते घरी कोणालाही देता येणारं औषध का नाही, ते मला त्या दहा मिनिटांत कळलं.

सलाईन चालू असताना मी त्यांना विचारलं, घोणशीऐवजी नाग किंवा मण्यार असती तर? ते म्हणाले, मग रक्तापेक्षा श्वासाकडे बघायला लागलं असतं. मण्यारीच्या दंशाला सूज नसल्यातच जमा, दुखतही फारसं नाही, त्यामुळे काहीच झालं नाही असं वाटतं. काही तासांनी मागचे पाय लटपटतात, पापण्या उतरतात, भुंकण्याचा आवाज बदलतो, लाळ गळते, कारण गिळता येत नाही. शेवटी छातीचे स्नायू थांबतात. हृदय तेव्हाही चालू असतं. अशा कुत्र्याला गाडीत कुशीवर निजवायचं, मान सरळ ठेवायची, जीभ बाहेर ओढून लाळ पुसायची. श्वास थांबलाच तर तोंड हाताने बंद धरून नाकातून फुंकायचं, छाती जेमतेम वर येईल इतकंच, मिनिटाला साधारण दहा वेळा, दवाखान्यापर्यंत. फुंकणाऱ्याचा दम टिकला तर असं कुत्रं वाचू शकतं. आणि पायाला बांधायची सपाट, रुंद पट्टी, ज्याबद्दल काही ठिकाणी सांगितलं जातं, ती अशा सूज न आणणाऱ्या विषासाठी आहे. घोणस किंवा फुरशासाठी नाही. साप ओळखता येत नसेल तर काहीच बांधू नये, असं त्यांचं स्पष्ट मत होतं.

रात्री दोनच्या सुमाराला, पहिल्या कुप्या सुरू केल्यापासून सहा तासांनी काचेच्या नळीची तपासणी पुन्हा झाली. रक्त पुन्हा वाहिलं. सहा तासच का, तर विष निकामी झाल्यावर यकृताला गोठवणारी द्रव्यं नव्याने बनवायला तेवढा वेळ लागतो. त्याआधी तपासून उपयोग नाही. आणखी दोन कुप्या दिल्या. सकाळी आठनंतर तिसरी नळी आडवी केली तेव्हा आत गडद लाल गोळा होता, काचेला चिकटून, तसाच बसलेला. मी ती नळी हातात घेऊन दोनदा आडवी करून पाहिली.

तरी घरी सोडलं नाही. रात्री झालेली पहिली लघवी चहाच्या काळपट रंगाची होती. डॉक्टर दर काही तासांनी ती किती होते आहे ते मोजत होते. मूत्रपिंडाचं नुकसान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी वर येतं, म्हणून क्रिएटिनिन, मूत्रपिंड बिघडलं की रक्तात वाढणारं द्रव्य, तीन दिवस रोज तपासलं. दुसऱ्या दिवशी ते थोडं चढलं, तिसऱ्या दिवशी उतरलं. चौथ्या दिवशी चिंगी घरी आली.

पायाची कातडी मात्र वाचली नाही. दंशाच्या जागी आधी काळं, मग चामड्यासारखं कडक झालं, आणि नवव्या दिवशी तळहाताएवढा तुकडा सुटून आला. वळाच्या जागीही एक आडवी पट्टी सोलली, ती सापाने केलेली नव्हती. अकराव्या दिवशी चिंगी उठेना. ताप, सांधे सुजलेले, पोटावर पुन्हा गांधी. मला वाटलं विष परत आलं. डॉक्टरांनी फोनवर विचारलं, "प्रतिविष देऊन दहा-बारा दिवस झाले ना? घेऊन या, हे त्याचंच आहे." घोड्याच्या प्रथिनांवर शरीराने उशिरा दिलेली ती प्रतिक्रिया होती. पाच दिवसांच्या गोळ्यांनी ती बसली.

आता तिच्या उजव्या पायावर मनगटाच्या वर केस येत नाहीत. कोपराच्या वर, नाडीच्या जागी, एक बारीक पांढरी रेघ आहे. मागच्या दाराच्या आतल्या बाजूला मी कागद चिकटवला आहे. त्यावर त्या दवाखान्याचा नंबर, चिंगीचं वजन, आणि खाली मुलाच्या अक्षरात: पट्टा काढ, बांधू नको, चालवू नको, अँटीव्हेनम आहे का विचार. मार्कर दोरीने त्याच कागदाला बांधून ठेवलं आहे.